तूप कमी नको, वडी लहान हवी

दिवाळी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘डॉक्टर, आईंना म्हैसूरपाक फार आवडतो. तूप निम्मे घालून केला तर चालेल ना?’ प्रश्न मायेपोटी आलेला असतो आणि वरवर पाहता शहाणपणाचाही वाटतो. मात्र त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का, हे समजण्यासाठी आज आपण कढईत काय घडते ते नीट पाहू. म्हैसूरपाकाची जाळी कशी पडते हे एकदा कळले, म्हणजे घरातील वृद्ध माणसाला कोणती वडी द्यावी आणि किती द्यावी, हेही आपोआप कळेल.

हा पदार्थ मूळचा म्हैसूरचा. तेथील महाराजा चौथे कृष्णराज वडियार यांच्या राजवाड्यातील काकासुर मादप्पा या आचाऱ्याने तो प्रथम केला, असे सांगितले जाते. आपल्या सांगली-मिरजेकडून कर्नाटकाची सीमा हाकेच्या अंतरावर असल्याने हे पक्वान्न आपल्या फराळाच्या ताटात परके राहिले नाही. साताऱ्याचे कंदी पेढे असोत वा घरचे बेसनलाडू, त्यांच्या शेजारी म्हैसूरपाकाची जागा ठरलेली असते. तरीही पुष्कळ गृहिणी तो घरी करण्यास धजत नाहीत, कारण तो साधला तर जाळीदार होतो आणि बिघडला तर विटेसारखा. या दोहोंमधला फरक मुख्यतः तुपाच्या तापमानात आणि ते घालण्याच्या पद्धतीत असतो.

प्रमाण सोपे आहे. बेसन १०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, पाणी सुमारे १०० मिलिलिटर आणि साजूक तूप २५० ग्रॅम. यांतील सगळे तूप वडीत राहत नाही. शेवटी सुमारे ५० ग्रॅम तूप सुटून परत मिळते. बेसन दोनदा चाळून घ्यावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ते मंद आंचेवर तीन-चार मिनिटे, रंग न बदलता, कोरडेच परतावे. दुसरीकडे जाड बुडाच्या खोल कढईत साखर व पाणी एकत्र करून एकतारी पाक करावा. पाकाचा थेंब किंचित निववून अंगठा व तर्जनीमध्ये धरला असता एक न तुटणारी तार दिसली, की पाक झाला. त्यात बेसन थोडे थोडे भुरभुरवत घालावे आणि एकसारखे ढवळत राहावे.

याच वेळी शेजारच्या शेगडीवर तूप तापत असले पाहिजे. येथेच सारी मेख आहे. तूप नुसते वितळलेले किंवा कोमट असून चालत नाही. चिमूटभर बेसन त्यात टाकले असता ते चुर्र आवाज करीत तत्काळ वर आले पाहिजे, पण काळे पडता कामा नये. तुपातून धूर निघू लागला तर ते प्रमाणाबाहेर तापले आहे असे समजून आंच उतरवावी.

आता कढईत काय होते ते पाहा. एकतारी पाकात अद्याप पाणी असते. पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते, आणि आपले तूप १७० ते १८० अंशांपर्यंत तापलेले असते. अशा तुपाची एक पळी बेसनाच्या मिश्रणावर ओतली, की पाकातील पाण्याची क्षणार्धात वाफ होते. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते. ही वाफ दाट मिश्रणातून बाहेर पडण्यासाठी वाट शोधते आणि जाताना असंख्य लहान छिद्रे पाडून जाते. मिश्रण फसफसून वर येते ते यामुळेच. म्हैसूरपाकाची जाळी ही अशी वाफेने कोरलेली असते. आपण त्यात सोडा घालत नाही की पीठ आंबवत नाही.

मग सगळे तूप एकदम का ओतू नये? कारण बेसनाला दोन कामे एकाच वेळी करायची असतात. पाकातील ओलाव्यात त्याला शिजायचे असते आणि तूपही सामावून घ्यायचे असते. एकदम ओतलेल्या तुपाने पाकातील पाणी झपाट्याने उडून जाते, साखर अकाली दाणेदार होते, बाहेरचे पीठ तळले जाते, आतले कच्चे राहते आणि तूप वेगळे होऊन वर तरंगते. याउलट एक पळी घालून ढवळले, ती पूर्ण जिरू दिली आणि मग दुसरी घातली, तर प्रत्येक पळीबरोबर मिश्रणाच्या नव्या भागात वाफ तयार होते. छिद्रे लहान व सारखी पडतात, पीठही सावकाश शिजते. साधारणपणे सहा ते आठ पळ्यांमध्ये हे काम पुरे होते. शेवटपर्यंत तूप शेगडीवर गरमच ठेवावे. पहिल्या पळीला चुर्र झाले आणि चौथीला काहीच आवाज आला नाही, तर तूप निवले आहे हे ओळखावे आणि पुन्हा तापवून मगच पुढे जावे.

मिश्रण झाले हे चार खुणांवरून कळते. रंग किंचित फिकट होऊन मग सोनेरी छटा येते. कच्च्या बेसनाचा वास जाऊन खमंग सुवास दरवळतो. मिश्रण कढईच्या कडा सोडते. आणि घातलेले तूप जिरण्याऐवजी कडेने सुटू लागते. ही शेवटची खूण दिसताच क्षणभरही न थांबता मिश्रण तूप लावलेल्या खोलगट डब्यात ओतावे. येथे अर्धा मिनीटही महत्त्वाचा ठरतो. अधिक वेळ आंचेवर राहिले तर उरलेले पाणी संपते आणि वडी कोरडी, रवाळ व कठीण होते. लवकर उतरवले तर ती चिकट राहते. ओतल्यावर वरून थापू नये वा दाबू नये, कारण दाबले की जाळी बसते. डबा किंचित कलता ठेवला म्हणजे सुटलेले तूप एका बाजूस जमते व काढून घेता येते. वड्या गरम असतानाच, पाच ते दहा मिनिटांत कापाव्यात. पुढे मिश्रण निवत जाते तशी साखर पुन्हा स्फटिकरूप होते आणि छिद्रांभोवतीच्या पातळ भिंती जागच्या जागी पक्क्या होतात. डब्याच्या मध्यभागी उष्णता अधिक वेळ कोंडून राहते, म्हणून वडीचा गाभा तपकिरी व कडा पिवळ्या दिसतात. तो दोष नव्हे.

हे सारे स्वयंपाकघरातील झाले. त्याचा वृद्धांच्या प्रकृतीशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध अगदी थेट आहे.

जाळीदार वडी तोंडात टाकली की लाळ त्या छिद्रांमध्ये शिरते आणि साखरेच्या पातळ भिंती विरघळू लागतात. साजूक तूप तोंडातील उष्णतेनेच वितळते. त्यामुळे दाताचे काम फारसे उरत नाही. जीभ आणि टाळू यांच्यात दाबूनही ती वडी संपते. कवळी वापरणाऱ्या किंवा हिरड्या नाजूक झालेल्या व्यक्तीसाठी हीच तिची सर्वांत मोठी सोय आहे. आता तूप निम्मे केले तर काय होते? वाफ निर्माण करण्यासाठी पुरेशी उष्णता मिश्रणापर्यंत पोहोचत नाही, जाळी पडत नाही, पीठ व साखर यांचा घट्ट गोळा तयार होतो. अशी वडी एकतर कवळीवर कडकन आपटते, नाहीतर कवळीखाली चिकटून बसते. जी वडी आपण आईच्या काळजीने केली, ती आईलाच खाता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट साखरेची. सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका कुटुंबात असेच घडले. आजोबा पंचाहत्तरीचे, मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्यांवर नियंत्रणात. सुनेने १०० ग्रॅम बेसन व २०० ग्रॅम साखरेला केवळ १०० ग्रॅम तूप घालून वड्या केल्या आणि ‘या तुमच्या पथ्याच्या’ असे सांगून डबा त्यांच्या खोलीत ठेवला. पथ्याच्या म्हटल्यावर आजोबांनी रोज चार खाल्ल्या. आठवड्याने रक्तातील साखर वाढलेली दिसली, तेव्हा आम्ही तिघांनी दवाखान्यातच कागदावर हिशेब मांडला. तो आपणही मांडून पाहावा.

नेहमीच्या प्रमाणाच्या म्हैसूरपाकात १०० ग्रॅम बेसन, २०० ग्रॅम साखर आणि जिरलेले २०० ग्रॅम तूप मिळून सुमारे ५०० ग्रॅम माल होतो. त्याच्या वीस-वीस ग्रॅमच्या २५ वड्या पडतात. प्रत्येकीत ८ ग्रॅम साखर आणि ८ ग्रॅम तूप येते, आणि उष्मांक सुमारे १२० भरतात. सुनेच्या वड्यांचे एकूण वजन सुमारे ४०० ग्रॅम झाले, म्हणजे वीस ग्रॅमच्या २० वड्या. प्रत्येकीत तूप ५ ग्रॅम, पण साखर १० ग्रॅम आणि उष्मांक सुमारे १०५. तूप निम्मे केल्याने एका वडीचे उष्मांक जेमतेम पंधरांनी घटले आणि साखर मात्र वाढली! कारण उघड आहे. तूप काढले तेव्हा त्याची जागा साखर व बेसन यांनीच घेतली. अशा चार वड्यांतून आजोबांच्या पोटात रोज ४० ग्रॅम साखर आणि सव्वाचारशेच्या आसपास उष्मांक जात होते. खऱ्या म्हैसूरपाकाची एक वडी त्यांनी खाल्ली असती, तर साखर ८ ग्रॅमच गेली असती.

तेव्हापासून त्या घरी नियम झाला आहे. म्हैसूरपाक करायचा तो पूर्ण तुपाचा, पण वडी वीस ग्रॅमची, म्हणजे साधारण दोन बोटांच्या पेरांएवढी. आजोबांना सणाच्या दिवशी एक, तीही दुपारच्या जेवणाबरोबर, आणि त्या जेवणात अर्धी पोळी कमी. डबा खोलीत नाही, स्वयंपाकघरात. आपल्या घरीही एकदा वडी वजनकाट्यावर ठेवून पाहावी. दुकानातील एक तुकडा घरच्या दोन वड्यांएवढा भरणे अगदी सहज शक्य असते.

ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे किंवा ज्यांना पित्ताशयातील खड्यांमुळे पोटदुखी होते, त्यांच्याबाबत एक वडीही डॉक्टरांना विचारूनच द्यावी. साजूक तूप पचायला हलके असा समज असला, तरी त्यातील संपृक्त स्निग्धांश वडीत शिरल्याने कमी होत नाही. तोंडात विरघळणारी वस्तू हलकी वाटते, पण तो जिभेचा भास आहे. चावावे लागत नसल्याने दुसरी वडी केव्हा तोंडात गेली हेही कळत नाही.

मधुमेहाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. रुग्णाला दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, म्हणजेच रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे दिसली, तर ‘गोड काहीतरी’ म्हणून म्हैसूरपाक देऊ नये. स्निग्ध पदार्थ जठरात अधिक वेळ रेंगाळतात, त्यामुळे त्यातील साखर रक्तात उशिरा पोहोचते, आणि त्या क्षणी आपल्यापाशी उशीर करण्याइतका वेळ नसतो. तीन ते चार चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालय गाठावे. उलट बाजूने, वडी खाल्ल्यावर दोन तासांनी तपासलेली साखर ठीक दिसली म्हणून निर्धास्तही राहू नये. तुपामुळे ती वाढ आणखी उशिरा दिसू शकते.

पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या व्यक्तींना गिळण्यास त्रास होत असेल, तर जाळीदार वडीही निर्धोक नसते. तिचा भुगा होतो आणि कोरडे कण श्वासनलिकेत जाऊ शकतात. अनेक औषधांमुळे उतारवयात तोंड कोरडे पडते, तेव्हा लाळेअभावी वडी विरघळतही नाही. अशा व्यक्तीला ताठ बसवावे, आधी घोटभर पाणी द्यावे आणि नखाएवढा तुकडा देऊन तो गिळला जाईपर्यंत थांबावे. खाताना ठसका लागत असेल किंवा खाल्ल्यावर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर तेथेच थांबून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांना पाणी गिळतानाही ठसका लागतो, त्यांना हा पदार्थ देऊच नये.

वडीचा मऊपणा हवामानावरही अवलंबून असतो. साताऱ्याच्या थंडीत सकाळी डब्यातील वडी घट्ट लागते, कारण तिच्यातील तूप गोठलेले असते. सांगलीच्या उन्हाळ्यात तीच वडी तूप सोडते. घट्ट झालेली वडी आजी-आजोबांना तशीच देऊ नये. ती थोडा वेळ उबदार जागी ठेवावी. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. पाणी अगदी कमी असल्याने घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ती आठवडाभर बाहेरही चांगली राहते. विकत घेताना वडी तोडून पाहावी. आत बारीक जाळी दिसली पाहिजे आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसता कामा नये. तसा थर जाणवला तर साजूक तुपाऐवजी वनस्पती तूप वापरले असण्याची शक्यता असते. ते तोंडातील उष्णतेने पुरते वितळत नाही.

शेवटी कढईपाशी उभ्या राहणाऱ्यांविषयी. हे तूप उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेले असते, आणि पाक अंगावर उडाला तर त्वचेला चिकटून भाजतच राहतो. म्हणून हा पदार्थ एकट्याने करू नये. एकाने ढवळावे, दुसऱ्याने लांब दांड्याच्या पळीने तूप घालावे. पळी पूर्ण कोरडी असावी, कारण पाण्याच्या एका थेंबानेही तूप अंगावर उडते. तूप उंचावरून न ओतता मिश्रणाच्या जवळून सोडावे. पदर खोचलेला असावा आणि लहान मुले ओट्यापासून दूर असावीत. हात थरथरणाऱ्या आजींनी पळी हाती घेऊ नये. त्यांनी ओट्यापासून चार हात दूर खुर्चीवर बसावे आणि रंग, वास व आवाज यांवरून ‘आता उतरव’ असे सांगावे. तो अर्ध्या मिनिटाचा अंदाज चाळीस-पन्नास वर्षांच्या अनुभवाने आलेला असतो आणि नव्या हातांना तोच सर्वांत कठीण जातो.

इतके करूनही भाजलेच, तर बांगड्या व अंगठ्या लगेच काढाव्यात आणि भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट वा तूप लावू नये. फोड आले, चेहरा, हात अथवा सांध्यावर भाजले, किंवा रुग्ण वृद्ध वा मधुमेही असेल, तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. अशा त्वचेची जखम भरून येण्यास अधिक वेळ लागतो.

येत्या दिवाळीत म्हैसूरपाक कराल तेव्हा तुपाच्या पातेल्यापाशी कंजूषी करू नका. ती सुरीपाशी करा. १०० ग्रॅम बेसनाच्या पंचवीस वड्या कापा आणि आईंच्या ताटात त्यांतील एकच, जाळी दिसेल अशी कडेने उभी ठेवा.